गळक्या किटलीची तक्रार आणि तुझं उत्तर

सप्रेम नमस्कार,

इलेक्ट्रिक किटलीच्या तक्रारीला द्यायच्या उत्तराचा तुझा मसुदा वाचला. भाषा नम्र आहे, शुद्धलेखन चोख आहे, तरीही तो तसाच पाठवू नकोस. तो वाचून त्या बाईंचा राग वाढेल. का वाढेल, ते सविस्तर सांगते.

आधी त्यांचं पत्र पुन्हा वाच, पण या वेळी हातात पेन्सिल घे. घडलेल्या गोष्टींखाली रेघ मार आणि रागाचे शब्द सोडून दे. "तुम्ही लोक चोर आहात" सोडून दे. "सगळ्यांना सांगेन" हेही सोडून दे. मग उरतं ते एवढं: किटली नवी आहे. तळातून पाणी गळून खालच्या वीजजोडणीच्या बैठकीवर साचतं. सहा दिवसांपूर्वी त्यांनी बिल आणि फोटो पाठवले होते. त्यावर "कृपया बिल आणि फोटो पाठवा" असं उत्तर गेलं. आणि शेवटची ओळ, "चालणारी किटली द्या, नाहीतर पैसे परत करा."

आता सांग, राग कशाचा आहे? गळक्या किटलीची पहिली तक्रार त्यांनी अगदी शांतपणे केली होती, जुना पत्रव्यवहार उघडून बघ. भडका उडाला तो आपल्या उत्तरामुळे. पाठवलेलंच पुन्हा मागितलं म्हणजे आपलं कुणी वाचलंच नाही, हे माणसाला लगेच कळतं. आणि तुझ्या मसुद्यात तिसऱ्या ओळीला काय आहे? "तपासणीसाठी कृपया उत्पादनाचं छायाचित्र पाठवावं." फोटो त्यांच्या पहिल्या पत्रालाच जोडलेला आहे. त्यात किटलीच्या तळावरचं लेबल आणि त्यावरचा बॅच क्रमांकसुद्धा स्वच्छ वाचता येतो.

दुसरी खटकणारी ओळ: "आपली काही गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत." ओटा रोज ओला होतोय, त्यात विजेची वस्तू, आणि आपण अजून गैरसोय झाली की नाही यावरच शंका घेतोय! काय झालं त्याचं नाव घेऊन माफी माग. दोन गोष्टींची माग, कारण चुका दोन आहेत: किटली सदोष निघाली आणि पहिल्या तक्रारीकडे नीट बघितलं गेलं नाही. दुसरी माफी जास्त महत्त्वाची. आपली माणसं कामात बुडालेली होती वगैरे कारणं त्यात घालू नकोस. ती खरी असली तरी त्या बाईंच्या काही कामाची नाहीत.

गळण्याचं कारणही सांगायला जाऊ नकोस. अशा किटल्यांमध्ये पाणी साधारणपणे दोन जागांतून झिरपतं, तळाच्या तापपट्टीभोवतीच्या रबरी सीलमधून किंवा पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पारदर्शक पट्टीच्या सांध्यातून. यातलं इथे कोणतं, ते किटली हातात आल्याशिवाय आपल्याला माहीत नाही. अंदाज लिहिलास आणि तो चुकला, तर पुढच्या खऱ्या शब्दावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

एरवी, तळाशी नुसता ओलावा दिसतो अशी तक्रार असेल, तर मी ग्राहकाला एक साधी चाचणी सांगते: किटलीत गार पाणी भरा, वीजबैठकीपासून दूर, कोरड्या कागदावर ठेवा आणि थोड्या वेळाने कागद बघा. कागद कोरडा राहिला तर ती बहुधा वाफ जमून झालेली ओल असते, ओला झाला तर गळतीच. पण इथे ही चाचणी सांगायची नाही. फोटोत बैठकीवर साचलेलं पाणी दिसतंय. पुरावा समोर असताना आणखी काम सांगणं म्हणजे आपला विश्वास नाही असं सांगण्यासारखंच.

उत्तर लिहायला बसण्याआधी एक काम कर, आणि ते मसुद्याहून महत्त्वाचं आहे. गोदामात फोन लाव. बदली किटली शिल्लक आहे का, हे तर विचारच, पण ती कोणत्या बॅचची आहे तेही विचार. सीलचा दोष असेल तर तो एकाच किटलीपुरता असेल असं नाही. त्याच बॅचची दुसरी किटली पाठवली आणि तीही गळली, तर त्यानंतर आपण काहीही लिहिलं तरी उपयोग नाही. वेगळ्या बॅचची किटली काढून घे, गोदामातल्या कुणाकडून तरी ती भरून, एकदा उकळून, कोरड्या कागदावर ठेवून तपासून घे. मग कोरडी करून पुन्हा बंद करायला सांग. आणि खोका उघडला होता हे पत्रात लिही. नाही लिहिलंस तर फाटलेली पट्टी बघून त्यांना वाटेल, कुणाची तरी वापरलेली किटली आपल्या माथी मारली.

कुरियरचा दिवसही आत्ताच विचारून ठेव. ते म्हणाले गुरुवार किंवा शुक्रवार, तर तू शुक्रवार लिही. गुरुवारी पोहोचली तर कुणी तक्रार करणार नाही.

हे सगळं हातात आल्यावर उत्तर असं होईल. शब्द तुझे घाल, क्रम मात्र हाच ठेव.

"विषय: तुमची बदली किटली आज निघाली आहे

नमस्कार,

तुमची नवी किटली तळातून गळते आहे, आणि तुम्ही बिल व फोटो पाठवूनही आम्ही तेच पुन्हा मागितलं. दोन्ही चुका आमच्या आहेत, त्याबद्दल माफ करा.

कृपया ही किटली आता वापरू नका. आधी भिंतीवरचं बटण बंद करा आणि मग कोरड्या हाताने प्लग काढा. बैठकीवर पाणी साचलेलं असताना बैठकीला हात लावू नका.

तुम्ही मागितल्याप्रमाणे बदली किटली आज पाठवली आहे. ती शुक्रवार संध्याकाळपर्यंत पोहोचेल. ती वेगळ्या बॅचची आहे, आणि पाठवण्याआधी आम्ही त्यात पाणी उकळून गळती तपासली आहे. म्हणून खोका एकदा उघडलेला दिसेल. जुनी किटली कुरियरचा माणूस त्याच वेळी घेऊन जाईल. तिचा खोका नसला तरी चालेल, नव्या खोक्यात घालून द्या. कोणताही खर्च तुम्हाला पडणार नाही. नव्या किटलीची वॉरंटी ती मिळाल्याच्या दिवसापासून पूर्ण मुदतीची असेल.

बदली किटली नको असेल तर ती घेऊ नका, मला फक्त कळवा. पूर्ण पैसे परत करण्याची व्यवस्था त्याच दिवशी सुरू करू.

ही तक्रार आता माझ्याकडे आहे. माझा थेट क्रमांक खाली दिला आहे."

खाली तुझं नाव लिही, विभागाचं नाही. ज्याला आधीच एकदा कुणी वाचलं नाही, त्याला पुन्हा "ग्राहक सेवा विभाग" ही सही दाखवू नये.

बघ, "वापरू नका" ही ओळ मी माफीनंतर लगेच घेतली आहे, बदलीच्या आधी. पाणी आणि वीज एकत्र आलेली असताना बाकी सगळं थांबू शकतं. वेळ असेल तर पत्र पाठवण्याआधी फोन करून एवढं एक वाक्य सांगच, कारण पत्र त्या कदाचित रात्री उघडतील.

नवी किटली पाठवण्यासाठी जुनी परत येण्याची वाट बघायची नाही, यावर गोदामाचे लोक कुरकुरतील. त्यांना सांग, पुरावा फोटोत आहे, बॅच क्रमांक आहे, बिल आहे. सदोष वस्तूसोबत ग्राहकाला आणखी आठवडाभर बसवून ठेवण्याचं काही कारण उरत नाही. वस्तू मोठी आणि महाग असती, किंवा पडून फुटल्याची स्पष्ट खूण दिसत असती, तर आधी तपासणीला माणूस पाठवणं योग्य ठरलं असतं. मात्र तेव्हाही कोण येणार, कोणत्या दिवशी, आणि निर्णय केव्हा कळणार हे पहिल्याच पत्रात लिहावं लागतं. तपासणी करायची असेल तर तसं स्पष्ट म्हण. माफीच्या वाक्यात "वापरताना कुठे पडली वगैरे तर नाही ना" असा प्रश्न लपवू नकोस.

त्या "सगळ्यांना सांगेन" म्हणाल्या आहेत, त्याला उत्तर द्यायचं नाही. आणि बदलीच्या मोबदल्यात कुठे काही लिहू नका किंवा लिहिलेलं काढा, अशी अट चुकूनही घालू नकोस. बदली त्यांचा हक्क म्हणून जाते आहे. अट घातली की ती लाच दिसते, आणि "चोर" हा शब्द आपणच खरा करून दाखवतो.

कूपन देण्याची कल्पना तुझ्या मसुद्यात होती, ती मी काढली. पुढच्या खरेदीवर सूट म्हणजे ज्यांचा आपल्यावरचा विश्वास उडालाय त्यांना आणखी खरेदी करा असं सांगणं. आधी चालणारी किटली घरात जाऊ दे.

पार्सल निघालं की तक्रार बंद झाली असं संगणकावर नोंदवण्याची आपल्याकडे सवय आहे. तू तसं करू नकोस. शनिवारी सकाळी फोन कर आणि एकच विचार: "रात्रभर पाणी भरून ठेवलं तर खाली कोरडं राहिलं का?" "आवडली का" असं विचारू नकोस, त्यावर लोक संकोचाने हो म्हणतात. कोरडं आहे असं त्यांच्या तोंडून ऐकलंस की मग तक्रार बंद कर. फोन उचलला नाही, तर सोमवारी पुन्हा कर आणि तोपर्यंत नोंद उघडी ठेव.

जुनी किटली परत आली की ती भंगारात जाऊ देऊ नकोस. तिच्यावर तक्रारीचा क्रमांक चिकटव आणि ती गुणवत्ता तपासणीकडे हातोहात दे. त्याच बॅचच्या आणखी गळतीच्या तक्रारी आल्या आहेत का, हे मागच्या नोंदींत आजच शोध. दुसरी एक जरी सापडली तरी माझी वाट न बघता थेट गुणवत्ता तपासणीला कळव, म्हणजे उरलेल्या किटल्या गोदामातून निघण्याआधी थांबवता येतील. ज्यांच्याकडे त्या आधीच पोहोचल्या आहेत त्यांना काय कळवायचं, ते आपण मग एकत्र बसून लिहू.

आता आधी गोदामाला फोन. मसुदा दुपारपर्यंत मला दाखव, पण किटली निघायला माझ्या होकाराची गरज नाही.

तुझी,
आधीच्या टेबलावरची ताई