झोपण्याआधीचं इंजेक्शन : पालकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चिपळूणला असतो. परवा रात्रभर वीज नव्हती आणि वाढीच्या हार्मोनचं पेन फ्रीजमध्येच होतं. औषध टाकून द्यायचं का? फार महाग आहे हो.

लगेच टाकू नका. वीज किती तास नव्हती आणि तेवढ्या वेळात फ्रीज किती वेळा उघडला, हे आधी कागदावर लिहा. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. दार बंद राहिलं तर फ्रीज काही तास गारवा धरून ठेवतो. शिवाय काही कंपन्यांचं औषध ठरावीक काळ बाहेरच्या तापमानालाही चालतं. मात्र ती मर्यादा प्रत्येक औषधाची वेगळी असते, त्यामुळे शेजारच्या मुलाच्या औषधावरून अंदाज बांधू नका. खोक्यातली घडीपत्रिका काढा, त्यातली मर्यादा पाहा आणि लिहिलेले तास सांगून डॉक्टरांना विचारा. औषध गढूळ झालं असेल किंवा त्यात कण तरंगत असतील, तर विचारण्याचीही गरज नाही. ते वापरायचं नाही.

मला जास्त काळजी वाटते ती वीज परत आल्यानंतरची. घाबरून आपण फ्रीजचं बटण सर्वांत थंडवर नेतो आणि औषध गोठतं. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या वस्तू एरवीही गोठतात. हे हार्मोन म्हणजे प्रथिन. एकदा गोठलं की ते बिघडतं, आणि वितळल्यावर पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नसतं. म्हणून पेन मधल्या फळीवर पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि त्याच डब्यात एक साधा थर्मामीटर ठेवून द्या. दारातली जागा टाळा, कारण दर वेळी दार उघडलं की तिथलं तापमान वर जातं. प्रवासात बर्फाची पिशवी आणि पेन यांच्यामध्ये टॉवेलची जाड घडी हवी.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. डाव्या मांडीवर एक जागा आहे, तिथेच टोच म्हणते, कारण तिथं दुखत नाही. बाकी कुठं हात लावू देत नाही. तिचं ऐकावं का?

आधी ती जागा नीट तपासा. अंघोळीच्या वेळी साबण लावलेली बोटं दोन्ही मांड्यांवरून हळू फिरवा. डाव्या मांडीवर रबरासारखा घट्टपणा किंवा फुगवटा लागला, तर न दुखण्याचं कारण तेच असू शकतं. पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी टोचल्यानं त्वचेखालची चरबी तिथं जाड होते आणि टोचलेलं फारसं जाणवत नाही. मुलीला ती जागा आवडते, पण अशा जागेतून औषध कधी कमी शोषलं जातं, कधी जास्त. काही मुलांमध्ये उलटं होतं, चरबी झिजून खळगा पडतो. दोन्हींपैकी काही दिसलं तर त्या जागेला काही महिने पूर्ण विश्रांती द्या आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.

जागा बदलण्याची पद्धत मुलीला कळेल इतकी सोपी ठेवा. मांडीचा मधला भाग पुढून-बाहेरून, कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग आणि बेंबीपासून चार बोटं सोडून पोट, हे तीन भाग. प्रत्येकाची डावी आणि उजवी बाजू धरली की सहा जागा होतात. रोज पुढची जागा घ्या. त्याच भागावर परत आलात की मागच्या टोचापासून दोन बोटं सरका. आजची जागा कुठली ते आपण ठरवायचं, पण त्या जागेतला नेमका ठिपका तिला बोटानं दाखवू द्या. एवढा हक्क मिळाला की बरीच मुलं कुरकुर सोडतात.

नव्या जागी आग होत असेल तर पेन पंधरा-वीस मिनिटं आधी फ्रीजबाहेर काढून ठेवा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, कारण ओल्या स्पिरिटमुळेच बऱ्याचदा चुरचुरतं. सुई दर वेळी नवी घ्या. मुलगी झोपल्यावर गुपचूप टोचू नका. दचकून हललेल्या मुलाला सुई ओरखडते, आणि मग मूल झोपायलाच घाबरू लागतं.

प्रश्न : सुई काढल्यावर टोकाला थेंब दिसतो. डोस कमी गेला असेल तर थोडा वाढवून परत द्यावा का?

परत देऊ नका. किती गेलं हे कळत नसताना दिलेला जादा डोस हाही चुकीचाच डोस. बहुतेक वेळा सुई लवकर काढल्यामुळे थेंब येतो. बटण तळापर्यंत दाबा, खिडकीत शून्य दिसू द्या आणि मग सावकाश दहा मोजून सुई काढा. रोजच मोठा थेंब येत असेल तर जुनी सुई पेनवर तशीच राहते का पाहा. तशी राहिली तर आत हवा शिरते आणि औषध गळतं.

प्रश्न : आम्ही रोज वहीत खूण करतो. तरी डॉक्टर म्हणतात, नोंद अपुरी आहे. अजून काय लिहायचं?

नुसत्या खुणेनं काय हुकतं ते एका मुलाच्या वहीवरून सांगते. वय सहा, वजन २० किलो. मागच्या भेटीत त्याचा डोस ०.४ वरून ०.६ मिलिग्रॅम केला होता. तीन महिन्यांनी उंची जेमतेम एक सेंटिमीटर वाढलेली. वहीत एकही दिवस रिकामा नव्हता. आईनं सवयीनं नवं कार्ट्रिज लावल्याच्या तारखा मात्र कोपऱ्यात लिहिल्या होत्या : २ जून, १४ जून, २६ जून. कार्ट्रिज ५ मिलिग्रॅमचं. रोज ०.६ गेलं असतं तर ते आठ दिवसांत संपायला हवं होतं, आणि चाललं बारा दिवस. ५ ला १२ नं भागा, साधारण ०.४ येतात. म्हणजे इंजेक्शन रोज होत होतं, पण जुन्याच डोसचं. संध्याकाळी इंजेक्शन आजोबा देत आणि नवा आकडा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. कुणाचाही निष्काळजीपणा नव्हता, पण मुलाच्या वाढीचे तीन महिने गेले.

म्हणून खुणेऐवजी खिडकीतला आकडा लिहा, आणि तो ज्यानं दिला त्यानंच, तेव्हाच लिहावा. शेजारी जागा लिहा, 'उ. मांडी' एवढं पुरे. नवं कार्ट्रिज लावलं की तारीख लिहा. त्यावरून वरचा हिशेब होतो, आणि उघडल्यानंतरचे दिवसही मोजता येतात. बऱ्याच औषधांना ते २८ असतात, तुमचे घडीपत्रिकेत पाहा. आकड्यापुढे मिलिग्रॅम की युनिट हेही लिहा. १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. कंपनी बदलल्यावर घोटाळा होतो तो इथेच.

प्रश्न : लग्नाच्या गडबडीत दोन रात्री राहून गेल्या. आता दुप्पट द्यायचं का?

नाही. आज नेहमीचाच डोस द्या आणि वहीत त्या दोन तारखांपुढे 'नाही' असं स्पष्ट लिहा. खोटी खूण केलीत तर उंची का अडली हे आम्हाला समजत नाही आणि डोस विनाकारण वाढवला जातो.

त्याच पानावर आणखी दोन गोष्टींना जागा ठेवा. डोकेदुखी वारंवार होत असेल आणि सोबत उलट्या किंवा अंधुक दिसणं असेल, किंवा मूल लंगडत असेल, खुबा किंवा गुडघा दुखतो म्हणत असेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. वही घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत त्या रात्रीचं इंजेक्शन थांबवा.