घोरणारे मूल आणि पहाटे साडेचारचा व्हिडिओ

प्रश्न : माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. सर्दी नसतानाही रोज रात्री मोठ्याने घोरतो, तोंड उघडे ठेवूनच झोपतो. सासूबाई म्हणतात, गाढ झोप लागली की पोर घोरणारच. डॉक्टर म्हणाले, ॲडेनॉइड वाढले असावेत. ऑपरेशनच्या नावाने आमचे हातपाय गळाले आहेत. थांबावे की तपासून घ्यावे?

उत्तर : तपासून घ्यावे. मात्र तपासणे म्हणजे लगेच ऑपरेशन नव्हे, आणि त्या दोहोंच्या मध्ये बराच रस्ता आहे. तो कसा असतो, हे माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या निमित्ताने सांगते. तिला येथे गौरी म्हणू या. नाव आणि घरच्या काही खुणा बदलल्या आहेत.

गौरी तीन वर्षे दोन महिन्यांची असताना माझ्याकडे आली ती घोरण्यासाठी नव्हे. सोलापूरच्या पूर्व भागातले हे कुटुंब. घराला लागूनच टॉवेलचे चार यंत्रमाग. बालवाडीच्या बाईंची तक्रार अशी होती की मुलगी एका जागी बसत नाही, हाक मारली तर ऐकत नाही आणि खेळणे हिसकावले की चावते. आईवडिलांना तिला ‘वळण’ लावून हवे होते. मीही तेच धरून बसले. झोपण्यापूर्वीचा मोबाइल बंद करा, जेवण लवकर द्या, दिवा ठरलेल्या वेळी मालवा, असे वेळापत्रक मी आखून दिले, आणि त्यात तीन आठवडे गेले. आईने ते काटेकोर पाळले. मुलगी साडेआठला झोपू लागली, सकाळी साडेसातला उठू लागली, दुपारीही तासभर झोपे. या वयाच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप लागते, तेव्हा हिशेबाने काही कमी नव्हते. तरी सकाळी उठताच ती चिडलेली असे. झोपेचे तास मोजून मी निश्चिंत झाले होते, ती झोप कशी आहे हे विचारलेच नव्हते. ही चूक माझी.

चौथ्या भेटीला आजी सोबत आल्या. गौरी त्यांच्याजवळ झोपत असे. बोलता बोलता त्या हसून म्हणाल्या, “लाइट गेली तरी काळजी नाही, घोरण्यावरून पोर कुठं लोळलीय ते कळतंय.” मग एकेक गोष्ट निघत गेली. उशी रोज लाळेने ओली होते, थंडीतही डोके घामेजते, झोपेत मान मागे टाकून हनुवटी वर करते. आणखी एक गंमत म्हणून त्यांनी सांगितले की ती मामाला ‘बाबा’ म्हणते आणि नानांना ‘दादा’. घरात सगळे त्यावर हसत. मी मात्र तेथे थांबले. म आणि न हे अनुनासिक वर्ण आहेत, म्हणजे त्यांचा आवाज नाकातून बाहेर पडावा लागतो. नाकाची मागची वाट बंद असेल तर म चा ब आणि न चा द ऐकू येतो. या वयात बोबडे बोल असतातच, पण नेमके हेच दोन वर्ण बिघडलेले आणि जोडीला रोजचे घोरणे असेल, तर तो योगायोग मानू नये.

ॲडेनॉइड म्हणजे नाकाच्या अगदी मागे, पडजिभेच्या वरच्या अंगाला असलेला मांसल उंचवटा. टॉन्सिलचाच तो भाऊबंद, पण मूल ‘आ’ करून दाखवते तेव्हा टॉन्सिल दिसतात आणि हा दिसत नाही. त्यामुळे घरी टॉर्च मारून काही कळत नाही. साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात तो मुलाच्या लहानशा घशाच्या मानाने मोठा असतो आणि वय वाढते तसा आकसत जातो. जागेपणी मूल तोंडाने श्वास घेऊन वेळ निभावते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, आधीच अरुंद असलेली वाट आणखी मिटते, आणि श्वास अडला की मेंदू क्षणभर झोप मोडून तो पुन्हा सुरू करतो. मुलाला हे आठवत नाही, घरच्यांनाही ते कूस बदलणेच वाटते. रात्रभर असे तुकडे पडलेले मूल मोठ्या माणसासारखे दिवसा पेंगत नाही. ते उलट अधिक धावते, चिडते, हट्टाला पेटते, आणि म्हणून ते झोपेच्या तक्रारीसाठी नव्हे तर वागणुकीच्या तक्रारीसाठी माझ्यासारखीकडे येते.

मी आईला दोन कामे दिली. पहिले घरगुती होते : मूल शांत असताना त्याचे ओठ हलकेच मिटवून नाकपुड्यांखाली थंड स्टीलची चकचकीत ताटली धरायची आणि वाफेचे डाग पाहायचे. गौरीच्या ताटलीवर पुसटसा एक डाग आला आणि लगेच तिने तोंड उघडले. ही चाचणी ढोबळ आहे, तिच्यावरून निदान करायचे नसते. पण नाकातून हवा नीट येत असून केवळ सवयीने तोंड उघडे ठेवणारी मुलेही असतात, तो फरक थोडासा कळतो.

दुसरे काम महत्त्वाचे होते. मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, पण रात्री दहाला नाही, पहाटे चार-साडेचारला. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या वेळी स्नायू सर्वांत सैल असतात आणि श्वास अडण्याचे प्रकार तेव्हाच वाढतात. अंगातला सदरा वर सरकवून छाती आणि पोट दोन्ही दिसतील असे धरायचे, बारीक उजेड ठेवायचा आणि आवाज चालू ठेवायचा. माग सुरू होण्याच्या आधी, पहाटे साडेचारला आईने अडीच मिनिटांचा व्हिडिओ काढला. त्यात चार-पाच घोरण्यांनंतर आवाज एकदम थांबतो. पोट हलत राहते, त्याच वेळी छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, पण हवा आत जात नाही. मी घड्याळ लावून मोजले, आठ सेकंद. मग जोराचा हुंकार, मान मागे आणि कूस बदल. अडीच मिनिटांत असे तीनदा झाले. मोठ्या माणसांच्या बाबतीत दहा सेकंदांचे थांबणे मोजतात. लहान मूल झोपेत मिनिटाला वीस ते तीस वेळा श्वास घेते, म्हणून दोन श्वास चुकतील एवढा अवधी, म्हणजे चार ते सहा सेकंद, हेही त्याच्या बाबतीत अडणेच असते.

तो व्हिडिओ घेऊन ते कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. मानेचा बाजूने एक्स-रे काढला. त्यात ॲडेनॉइडच्या पुढे हवेची जेमतेम एक बारीक रेघ उरली होती. मूल रडत असेल किंवा नेमके गिळत असेल, तर हा एक्स-रे फसवतो, म्हणून डॉक्टर कधीकधी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहतात. कानांची दाबतपासणीही केली आणि दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलेले निघाले, कारण कान आणि नाकाला जोडणाऱ्या नळीचे तोंड ॲडेनॉइडजवळच असते. बालवाडीत ‘ऐकत नाही’ म्हणून जी बोलणी तिने खाल्ली, त्यातले बरेचसे तिला खरोखरच नीट ऐकू आले नव्हते.

लगेच ऑपरेशन झाले नाही. सहा आठवडे नाकात स्टेरॉइडचा फवारा दिला. स्टेरॉइड हा शब्द ऐकून घरात धसका बसला. पण फवाऱ्यातली मात्रा अल्प असते आणि औषध मुख्यतः नाकापुरते काम करते. त्याचे गणित पद्धतीवर असते : आधी मिठाच्या पाण्याचे थेंब घालून नाक साफ करायचे, मान किंचित पुढे ठेवायची आणि नळी मधल्या पडद्याकडे नव्हे, त्याच बाजूच्या कानाकडे वळवायची. आई सुरुवातीला मुलीला उताणे झोपवून मारत होती, म्हणून औषध थेट घशात उतरत होते. घरातही बदल केले. मागाच्या खोलीलगतचे अंथरूण पलीकडच्या खोलीत नेले, मच्छर कॉइल बंद करून मच्छरदाणी लावली, आणि आजोबांची बिडी अंगणात गेली. कापसाच्या तुसाने किंवा धुराने ॲडेनॉइड उगवत नाही, मात्र नाकाच्या अस्तराला सूज येते आणि उरलेली वाटही बुजते.

सहा आठवड्यांनी घोरणे निम्म्यावर आले, पण पहाटेच्या नव्या व्हिडिओत श्वास अजून अडत होता आणि कानातले पाणी तसेच होते. काही मुले या टप्प्यावरच सुधारतात आणि ऑपरेशन टळते. गौरीचे टळले नाही. टॉन्सिल लहान असल्यामुळे फक्त ॲडेनॉइड काढले आणि कानातले पाणी काढून घेतले. एक रात्र दवाखान्यात ठेवले. पहिले आठ-दहा दिवस सुजेमुळे घोरणे तसेच राहते आणि तोंडाला वास येतो, हे आधीच सांगितल्यामुळे आजी शांत राहिल्या. तोंडातून किंवा नाकातून ताजे रक्त आले तर मात्र वेळ न घालवता दवाखाना गाठायचा, हे आईने भिंतीवर लिहून ठेवले होते.

दोन महिन्यांनी आलेल्या व्हिडिओत फक्त पंख्याचा आवाज होता. बालवाडीत ती हाकेला वळू लागली, मामा पुन्हा ‘मामा’ झाला. चावणे एकदम थांबले नाही; खेळणे हिसकावले की आजही दात दाखवते, त्यावर आमचे काम चालू आहे. दिवसा तोंड उघडे ठेवण्याची सवयही हळूहळूच जाते, आणि लहान वयात काढलेले ॲडेनॉइड काही मुलांत पुन्हा वाढतात, म्हणून अधूनमधून दाखवणे चालूच राहील.

आता तुमच्या मुलाविषयी. तो तीन वर्षांच्या आतला आहे. या वयात भूल आणि त्यानंतरची पहिली रात्र अधिक जपावी लागते. म्हणून ऑपरेशनची वेळ आलीच, तर लहान मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेले डॉक्टर आणि रात्रभर लक्ष ठेवण्याची सोय आहे का, हे आधी विचारा. तोपर्यंत नाक झटकन मोकळे करणारे थेंब आपल्या मनाने घालू नका. ते चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक उलट जास्त चोंदते. शांत झोप लागावी म्हणून सर्दीचे गुंगी आणणारे सिरपही देऊ नका, त्याने घसा आणखी सैल पडतो. ओठ निळसर दिसले किंवा जागेपणीही श्वासाला कष्ट पडू लागले, तर वेळ ठरवण्याची वाट न पाहता त्याच वेळी दवाखान्यात जा. तसे काही नसेल तर या आठवड्यात दोन वेगवेगळ्या पहाटे व्हिडिओ काढा, आणि डॉक्टरांकडे जाताना त्या व्हिडिओंसोबत वजनाच्या नोंदी असलेले लसीकरणाचे कार्डही न्या, कारण वजन गेल्या काही महिन्यांत वाढले की अडले, हे ते पहिल्यांदा विचारतील.