गिफ्ट कार्ड बिलात डिस्काऊंट म्हणून टाकू नका

प्रश्न: «फोंड्यात कपड्यांचं दुकान आहे. चवथीला 1,80,000 रुपयांची गिफ्ट कार्डं खपली आणि ती सगळी विक्रीत धरली. आता लोक कार्ड घेऊन येतात तेव्हा बिलात डिस्काऊंट देऊन रक्कम वजा करतो. नफा एकदम खाली गेलेला दिसतोय. कार्डांची मुदत वर्षाची आहे. उरलेल्यांचं काय करायचं?»

तुमची पोस्ट वाचून म्हापशातलं आमचं दुकान डोळ्यांपुढे आलं. आमचे हिशेब तेव्हा ज्या ऑफिसात जायचे, तिथेच आम्हाला ठामपणे सांगितलं होतं की कार्ड म्हणजे डिस्काऊंटच, तसंच टाका. पुढे तपासणीत फरकाचा कर व्याजासकट आम्ही भरला, त्या ऑफिसने साधा फोनही उचलला नाही. अजून राग जात नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

कार्ड विकलं तेव्हा तुम्ही काहीच विकलेलं नसतं. पैसे आले आणि तेवढ्याच रकमेचा माल देणं लागलात. म्हणून «गिफ्ट कार्डांची देणी» असं वेगळं खातं उघडा आणि 1,80,000 तिथे जमा करा. कार्डावर कुठलाही कपडा घेता येत असेल तर त्या क्षणी जीएसटीही नाही, तो मालाच्या बिलावर लागतो.

खरी गोम माल नेतानाच्या बिलात आहे. कार्ड हे पैसे देण्याचं साधन आहे, रोख किंवा यूपीआयसारखं. समजा 3,000 रुपयांचा ड्रेस, कर वेगळा. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला 5 टक्के आणि त्याहून महाग कपड्याला 18 टक्के, म्हणजे कर 540, बिल 3,540. गिऱ्हाइकाने 2,000 चं कार्ड आणि 1,540 यूपीआयने दिले. विक्री 3,000, कर 540, देण्याच्या खात्यातून 2,000 कमी. झालं.

आता हेच डिस्काऊंट म्हणून टाकलंत तर सॉफ्टवेअर ड्रेसची किंमत 1,000 धरतं, दर 5 टक्क्यांवर घसरतो आणि कर फक्त 50 निघतो. एका बिलात 490 रुपयांची तूट! आमच्या वेळी ही सीमा 1,000 रुपयांची आणि दर 5 व 12 होते, पण फटका याच जागी बसला. तुमचा नफाही इथूनच पडलाय: विक्री ऑगस्टात दाखवली, माल मात्र आता जातोय. सॉफ्टवेअरमध्ये «पेमेंट मोड» म्हणून कार्डाची सोय नसेल तर ती करून घ्या, नाहीतर सॉफ्टवेअर बदला. यात तडजोड करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुदत संपलेल्या कार्डांची रक्कम मुदतीनंतर देण्यातून काढून इतर उत्पन्नात घ्या. त्यावर जीएसटी नाही, 31 डिसेंबर 2024 च्या सीबीआयसीच्या परिपत्रकात हे स्पष्ट केलंय. प्राप्तिकरात मात्र ते उत्पन्नच. इंड एएस 115 हे हिशेबाचं मानक लागू असलेल्या मोठ्या कंपन्या मुदत संपेपर्यंत थांबत नाहीत. जुन्या अनुभवावरून 10 टक्के कार्डं येणार नाहीत असा भरवशाचा अंदाज असेल, तर 1,80,000 पैकी 18,000 बाजूला धरतात आणि अपेक्षित 1,62,000 पैकी अर्धी वापरली गेली की त्यातले 9,000 उत्पन्नात घेतात. तुमच्याकडे जुनी आकडेवारी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

पण एक विचारतो: मुदत संपलेलं कार्ड घेऊन शेजारची काकी आली तर तुम्ही नाही म्हणाल? आपल्याकडे कोणी म्हणत नाही. मग कार्डावरची तारीख कागदावरच राहिली, देणं संपलंच नाही. मुदत वाढवून द्यायची पद्धत असेल तर ती किती महिने, हे लिहून ठेवा आणि तोवर रक्कम देण्यातच राहू द्या.

कपडा परत घेऊन दिलेलं स्टोअर क्रेडिट याच खात्यात घुसडू नका. तिथे आधी क्रेडिट नोट काढून मूळ विक्री आणि कर उलटवायचा, मग वेगळ्या खात्यात देणं दाखवायचं. खरेदी नसताना फुकट वाटलेली 200 रुपयांची कुपनं मात्र देणं नव्हेतच. त्यांचे पैसे आलेले नसतात, त्यामुळे ती बिलात खरोखरच डिस्काऊंट म्हणून जातात. दर महिन्याला न वापरलेल्या कार्डांची यादी काढा, तिची बेरीज खात्यातल्या शिलकेशी जुळलीच पाहिजे.

मी सीए नाही, दुकानदार आहे. भरलेल्या विवरणपत्रांची दुरुस्ती आपल्या सल्लागाराला बिलं दाखवूनच करा. आणि हेच कार्ड भावाच्या वेगळ्या फर्मच्या दुकानात चालवत असाल तर ते आधी थांबवा. एकाच फर्मपुरतं कार्ड असेल तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, दुसऱ्याच्या दुकानात चाललं की तो प्रश्न उभा राहतो.