शॉर्ट फिल्मचा ट्विस्ट कसा प्लॅन करायचा?

प्रश्न: «१०-१२ मिनिटांची शॉर्ट फिल्म लिहितोय, शेवटी ट्विस्ट आहे. मित्रांना स्क्रिप्ट वाचायला दिली तर निम्म्यांना आधीच कळलं, आणि ज्यांना नाही कळलं ते म्हणाले ही फसवणूक आहे राव. धक्का पण बसला पाहिजे आणि परत बघताना पटलं पण पाहिजे, हे जमवायचं कसं?»

आम्ही केलेल्या एका ११ मिनिटांच्या फिल्मवरूनच सांगतो, कारण तुमच्या मित्रांनी दिलेले दोन्ही शेरे आम्हीही खाल्लेत.

गोष्ट अशी. एक मुलगा भाड्याने फ्लॅट बघायला जुन्या बिल्डिंगमध्ये येतो. साठी ओलांडलेल्या एक काकू दार उघडतात, घर दाखवतात, चहा करतात. मुलगा कडी-कोयंडे हलवून बघतो, खिडकीतून वाकून खाली बघतो, विचारतो की दिवसा मजल्यावर कोणी असतं का, की तुम्ही एकट्याच. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, की हा चोर आहे आणि काकूंचं आता काही खरं नाही. तो टोकन म्हणून १५ हजार रोख देतो आणि निघून जातो. एक तारखेला सामान घेऊन येतो तर दाराला कुलूप, आणि तेवढ्यात घराचे खरे मालक गावाहून बॅगा घेऊन जिना चढतात. काकू शेजारच्या. मालक बाहेरगावी गेले की झाडांना पाणी घालायला किल्ली त्यांच्याकडे असते.

आता प्लॅनिंग. आम्ही पहिला ड्राफ्ट सरळ स्क्रिप्ट म्हणून लिहिला होता आणि तो पडला. मग सगळं बाजूला ठेवून फक्त काकूंची खरी गोष्ट लिहिली, क्रमाने, दोन पानं, ट्विस्ट वगैरे काही नाही. किल्ली कधी मिळाली, मालक कधी येणार, या घरातलं काकूंना काय माहितीय आणि काय नाही, आत्ता भीती कसली वाटतेय. हे लिहिल्यावरच लक्षात आलं की अरे, या बाईला इथलं स्वयंपाकघर माहीत असायचं कारणच नाही, पण बाल्कनीतली झाडं पाठ असणार. सगळे क्लू इथून आपोआप निघाले, आम्ही वेगळे शोधत बसलो नाही. माझ्या मते फसवणूक वाटणारे निम्मे ट्विस्ट याच कारणाने तसे वाटतात, की शेवट आधी सुचतो आणि खरी गोष्ट कोणी लिहितच नाही.

मग वहीत मधे रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे पहिल्यांदा बघणाऱ्याला काय वाटेल, उजवीकडे खरं काय चाललंय. प्रत्येक कृती आणि प्रत्येक वाक्य दोन्हीकडे बसलंच पाहिजे, एका बाजूला जरी रिकामं राहिलं तरी ते काढायचं किंवा बदलायचं.

उदाहरण म्हणून लाइटचं बटण घ्या. आपल्याकडे जुन्या घरात एका बोर्डावर सहा-सात बटणं असतात आणि कुठलं कशाचं हे फक्त त्या घरात राहणाऱ्यालाच माहीत असतं, पाहुणा हमखास आधी पंखा लावतो. काकू अंधाऱ्या पॅसेजमध्ये येतात, एक बटण दाबतात तर काहीच होत नाही, दुसरं दाबतात तर बाहेरच्या खोलीतला पंखा सुरू होतो, तिसऱ्याला लाइट. डाव्या रकान्यात: वय झालंय, दिसत नाही नीट. उजव्या रकान्यात: घर त्यांचं नाही. साखरेचंही तसंच, तीन डबे उघडतात, पोहे, रवा, मग साखर. डावीकडे विसरभोळेपणा, उजवीकडे परकं स्वयंपाकघर. म्हणजे क्लू लपवायला काही झाकावं लागत नाही, त्याला एक दुसरं साधं कारण द्यावं लागतं, आणि ते कारण बघणाऱ्याने स्वतःच लावलं पाहिजे. "अलीकडे काही लक्षात राहत नाही बघ" असं वाक्य आम्ही काकूंच्या तोंडी घातलं होतं, ते काढून टाकलं. तोंडाने कारण सांगितलं की माणूस म्हणतो, हे मला का सांगतायत?

या चुकणाऱ्या क्लूंच्या उलट एक बरोबर असणाराही ठेवला. बाल्कनीत मुलाशी बोलता बोलता काकू न बघता हात मागे नेतात, पाण्याच्या टाकीमागची झारी उचलतात आणि कुंड्यांना पाणी घालतात. अख्ख्या घरात तेवढी एकच वस्तू त्यांच्या हाताला न शोधता सापडते. परत बघताना लोकांना सगळ्यात जास्त मजा इथेच येते, असा अनुभव आहे.

आता फसवणूक कुठे होते ते. पात्र दुसऱ्या पात्राशी खोटं बोललं तर चालतं, कॅमेऱ्याने बघणाऱ्याशी खोटं बोललेलं चालत नाही. हिचकॉकच्या १९५० च्या «स्टेज फ्राइट»मध्ये सुरुवातीला एक माणूस घडलेली हकीकत सांगतो, ती आपल्याला पडद्यावर फ्लॅशबॅक म्हणून दिसते, आणि शेवटी कळतं की ती खोटी होती. लोक चिडले, आणि पुढे त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हिचकॉकनेच मान्य केलं की ते करायला नको होतं. आमच्याकडून त्याचाच छोटा अवतार झाला. मुलगा बाल्कनीत गेलेला असताना काकू एकट्या भिंतीवरचा फोटो पदराने पुसतात असा शॉट होता, फार सुंदर आला होता, बॅकग्राउंडला बासरी वगैरे. दुसऱ्यांदा बघून एकीने विचारलं, "पण तेव्हा तर खोलीत कोणीच नव्हतं, मग त्या नाटक कोणासाठी करत होत्या?" उत्तर नव्हतं. काढला शॉट. पात्र फ्रेममध्ये एकटं असेल तेव्हा त्याने खऱ्या गोष्टीतल्यासारखंच वागलं पाहिजे. म्हणून साखर शोधायचा सीन आम्ही मुद्दाम काकू एकट्या असतानाचा केला.

संवादांतही जमेल तिथे सरळ खोटं टाळलं. दारावर पाटी आहे देशपांडेंची. मुलगा ती वाचून म्हणतो, "देशपांडे काकू ना?" आणि काकू म्हणतात, "ये ये, आत ये, चपला राहू देत तिथेच." हो म्हणतच नाहीत. "पंचवीस वर्षं झाली मला या बिल्डिंगमध्ये," हेही शंभर टक्के खरं, बिल्डिंग म्हणाल्या, घर नाही.

आता अर्ध्यांना आधीच का कळतं. ट्विस्ट आहे असा वास लागला की बघणारा शोधायला लागतोच, त्याला अडवता येत नाही, पण शोधायला दुसरं काहीतरी देता येतं. आमच्याकडे ते म्हणजे मुलावरचा संशय. फक्त या संशयाचाही हिशोब शेवटी चुकता करावा लागतो, नाहीतर तीही फसवणूकच. तो कड्या का तपासत होता, दिवसा कोण असतं हे का विचारत होता? शेवटी तो सामान घेऊन येतो तेव्हा खाली रिक्षात त्याची म्हातारी आई बसलेली दिसते, मांडीवर पिशवी घट्ट धरून. तो कामावर गेला की ती दिवसभर एकटी राहणार होती. एक शॉट, संवाद शून्य, आणि त्याच्या सगळ्या वागण्याचा उजवा रकाना भरला.

दुसरं म्हणजे क्लोजअप. पहिल्या कटमध्ये बटणांवर चुकणाऱ्या बोटांचा क्लोजअप होता आणि साउंडवाल्याने खटक-खटक आवाज मस्त वर घेतला होता. सात जणांना दाखवलं, पाच जणांनी तिथेच पकडलं. क्लोजअप म्हणजे बघणाऱ्याला कोपराने ढोसून "हे बघ" म्हणणं. मग रीशूट केलं, दोघंही फ्रेममध्ये, मिड शॉट, काकूंचा हात कडेला, आणि बरोबर तिसऱ्या बटणाला मुलगा दाराची वरची कडी सरकवून बघतो, तिचा आवाज बटणापेक्षा मोठा. डोळे त्याच्याकडे जातात. बटण झाकलेलं नाही, समोरच आहे, लक्ष मात्र दुसरीकडे आहे. पुढच्या टेस्टला आठ नवीन लोक होते, एकालाच कळलं. नवीन लोक लागतातच हं, एकदा बघितलेला माणूस धक्क्यासाठी वापरून झालेला असतो, पण त्याला घालवू नका, त्यालाच लगेच दुसऱ्यांदा दाखवा आणि सांगा की जिथे फसवल्यासारखं वाटेल तिथे पॉज कर. आणि "ट्विस्ट कळला का" असं कधीच विचारू नका, सगळे म्हणतात मला आधीच कळलेलं. त्यापेक्षा सहाव्या मिनिटाला फिल्म थांबवून विचारा की आता पुढे काय होईल, ते लिहून घ्या.

कलाकारांचं थोडक्यात. आमच्या काकूंना खरं माहीत असल्याने त्या पहिल्या दिवशी चोरटेपणा दाखवायला लागल्या, डोळे इकडे तिकडे. त्यांना सांगितलं की अपराधी वाटू नका, फक्त घाई करा, समोरच्या फ्लॅटचं दार उघडायच्या आत याला बाहेर काढायचंय. पहिल्यांदा बघताना ती घाई गुडघेदुखीने वैतागलेल्या बाईची वाटते.

उलगड्यासाठी आम्ही शेवटी सगळे क्लू परत दाखवणारा ४० सेकंदांचा फ्लॅशबॅक लावला होता, तो इतका केविलवाणा दिसत होता की बस. त्याऐवजी आता एवढंच आहे, की मालक कुलूप उघडतात, दोन्ही हातात बॅगा, आणि आत शिरताना न बघता कोपराने बोर्डावरचं बरोबर तेच बटण दाबतात. पॅसेजमधला लाइट लागतो. मुलगा त्या लाइटकडे बघत राहतो. हे एवढ्यावरच ठेवायचं होतं, पण टेस्टमध्ये दोघांना काकू नेमक्या कोण हेच कळलं नाही, म्हणून मालकाच्या बायकोचं एक वाक्य घातलं, "झाडं टवटवीत आहेत हं, घातलंय काकूंनी पाणी." ११ मिनिटांच्या फिल्ममध्ये याच्यापेक्षा जास्त समजावावं लागलं तर गडबड क्लूंमध्ये आहे, शेवटात नाही.

आणि हो, पोस्टरवर किल्ली टाकू नका. आमच्या डिझायनरने मोठ्या हौसेने किल्लीचा जुडगा टाकला होता आणि खाली «शेवट चुकवू नका». दोन्ही उडवलं. आता पोस्टरवर झारी आहे, आणि लोकांना वाटतं गार्डनिंगची फिल्म आहे.