डिमेन्शिया आणि म्युझिक थेरपी: बिब्लिओग्राफीत कुठले पेपर घ्यायचे?

प्रश्न: एमए सायकॉलॉजीला आहे, मुंबई. डिमेन्शियाच्या पेशंटसाठी म्युझिक थेरपी यावर ॲनोटेटेड बिब्लिओग्राफी करायचीय. शेकडो पेपर मिळतात आणि सगळ्यांत फायदा होतो असंच लिहिलंय. भरवशाचे कुठले ते कसं ठरवू, आणि प्रत्येकाखाली लिहू काय?

उत्तर:

मी परळच्या एका हॉस्पिटलच्या लायब्ररीत आहे, रेसिडेंट लोकांना हेच शोधून देते, त्यामुळे थोडं लांबेल.

सगळीकडे फायदाच दिसतो कारण बऱ्याच छोट्या पेपरमध्ये तुलनेचा गटच नसतो. काही आजी-आजोबा घेतले, महिनाभर गाणी ऐकवली, आधी आणि नंतर स्केल भरलं, मार्क सुधारले, झालं. पण तेवढा वेळ कुणी शेजारी बसून नुसत्या गप्पा मारल्या असत्या तरी सुधारले असते का, हे त्यातून कळतच नाही. म्हणून पहिली चाळणी ही, गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते का. पबमेडवर असं टाका:

```
("Music Therapy"[Mesh] OR music[tiab] OR singing[tiab])
AND dementia[tiab]
AND randomized controlled trial[pt]
```

दुसरी चाळणी, स्केल कोणी भरलं. गाणं चालू आहे हे पेशंटपासून लपवता येत नाही, पण मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे न सांगणं जमतं. तेच जर सेशन घेणाऱ्यानेच मार्क दिले असतील तर तो पेपर मी तरी मुख्य यादीत घेत नाही. आणि तिसरी, जी बरेच जण विसरतात, संगीत दिलं कोणी आणि कसं? ट्रेन्ड थेरपिस्ट, गाण्याचा ग्रुप आणि कानाला लावलेला हेडफोन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, शीर्षकात मात्र तिन्हीकडे म्युझिक.

हे का महत्त्वाचं ते एका नोंदीवर दाखवते. फेलिसिटी बेकर आणि सहकारी, 2022, लॅन्सेट हेल्दी लाँजेव्हिटी, ‘मिडेल’ नावाच्या ट्रायलचा ऑस्ट्रेलियातला भाग. याची नोट मी अशी लिहीन: “केअर होमची 20 युनिट, 318 रहिवासी, डिमेन्शिया आणि डिप्रेशन दोन्ही असलेले. चार गट: थेरपिस्टची ग्रुप थेरपी, कॉयरसारखं एकत्र गाणं, दोन्ही, आणि नेहमीची देखभाल. सहा महिन्यांनी डिप्रेशनचं स्केल, मोजणाऱ्यांना गट माहीत नव्हते. एकत्र गाण्याने डिप्रेशन कमी झालं, ग्रुप थेरपीने फरक दिसला नाही. मर्यादा: सगळे केअर होममधले, एकाच देशातले.” बस, एवढंच. शेवटी तुमची एक ओळ हवी की हा पेपर तुमच्या प्रश्नाला कुठे लागतो. आणि हो, बेकर स्वतः म्युझिक थेरपिस्ट आहेत, आपल्याच व्यवसायाच्या विरुद्ध जाणारा निकाल त्यांनी छापला, म्हणून माझा त्यावर जरा जास्त विश्वास बसतो.

त्याच्या शेजारी मॅकक्रीडी यांची 2022चीच अमेरिकन ट्रायल ठेवा. 54 नर्सिंग होम, 976 रहिवासी, प्रत्येकाच्या तरुणपणीच्या आवडीची गाणी प्लेअरवर, पण चिडचिड आणि आरडाओरडा यात लक्षणीय फरक नाही. इथे संगीत चालत नाही असा निष्कर्ष काढू नका, हेडफोनवर एकट्याने ऐकणं वेगळं, आणि इथे मोजलं चिडचिड, तिकडे डिप्रेशन. तुमच्या नोटमध्ये हा फरक दिसला नाही तर गाईड पहिला प्रश्न तिथेच विचारणार.

आता कॉक्रेन रिव्ह्यू, म्हणजे अनेक ट्रायल एकत्र तोलून काढलेला आढावा. व्हॅन डर स्टीन यांचा 2018चा सगळेच टाकतात, त्यात 22 ट्रायल होत्या. 2025 मध्ये तोच रिव्ह्यू 30 ट्रायलवर नव्याने आलाय, आणि निष्कर्ष थोडे आवळलेत: आधी भावनिक स्वास्थ्य आणि जगण्याचा दर्जा सुधारू शकतो असं होतं, नव्यात नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत तेही बहुधा नाही. डिप्रेशनची लक्षणं थोडी कमी होतात, चिडचिड बहुधा नाही, एवढं टिकलंय. जुना आणि नवा दोन वेगळे सोर्स म्हणून मोजू नका, नवा घ्या आणि काय बदललं ते नोटमध्ये लिहा. तसंच एकाच ट्रायलचे दोन-तीन पेपर निघतात, रजिस्ट्रेशन नंबर जुळवून बघा, नाहीतर तेच पेशंट दोनदा मोजले जातात. पेपर मागे घेतला असेल तर पबमेडच्या पानावर वरतीच लिहिलेलं असतं, तेवढं सबमिट करायच्या दिवशी पुन्हा बघून घ्या.

एक अडचण मात्र राहते. वरचे जवळजवळ सगळे लोक केअर होममधले, आणि आपल्याकडे आजी दादरच्या वन बीएचकेमध्ये सुनेजवळ असतात. म्हणून सार्कामो यांचा 2014चा, द जेरंटॉलॉजिस्टमधला पेपर नक्की घ्या: फिनलंड, पेशंट आणि सांभाळणारा अशा 89 जोड्या, 10 आठवडे गाणं किंवा ऐकणं शिकवलं, तिसऱ्या गटाला नेहमीची देखभाल. ट्रायल छोटी आहे हे लिहा, पण सांभाळणाऱ्याला शिकवून काय होतं हे बघणारा या यादीत तोच एक.