10 च्या खाली आला म्हणजे सुटलो असं नसतं

"ताई, पीएचडीचा थिसिस चेकिंगला दिला तर 24 टक्के सिमिलॅरिटी आली. गाईड म्हणतात 10 च्या खाली आण. संत्र्याच्या मार्केटिंगवर काम आहे माझं, सगळं स्वतः फिरून केलंय, तरी पानंच्या पानं रंगलीत. कुठून सुरू करू?" – एक विद्यार्थिनी, नागपूर

अगं, तू पाठवलेला रिपोर्ट मी शेवटपर्यंत पाहिला. आधी एक, आतले रंग फक्त सोर्स वेगवेगळे दिसावे म्हणून असतात, लाल म्हणजे जास्त गंभीर असं काही नाही. रंगाशेजारचा नंबर क्लिक कर, कुठून मॅच झालं ते उघडतं.

तुझा एक नंबरचा सोर्स 9 टक्के, त्यावर Student Paper लिहिलंय. उघडून बघ, तो तुझाच मागच्या वर्षीचा ड्राफ्ट आहे, तेव्हा तो डेटाबेसमध्ये सेव्ह झाला आणि आता तू स्वतःशीच मॅच होतेयस. गाईडना सांगून तो सोर्स वगळायला लाव. आणखी साधारण 6 टक्के तुझी संदर्भसूचीच आहे, Exclude Bibliography लावलंच नव्हतं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांतही संदर्भसूची मोजायची नाही असंच आहे. मग जवळपास 6 टक्के नुसते तुकडे, 'प्रायमरी डेटा वॉज कलेक्टेड थ्रू' असले, ते सगळ्यांच्याच थिसिसमध्ये सापडतात, सोडून दे. त्याच नियमांत योगायोगाने सलग 14 शब्दांपर्यंत जुळलेलं धरत नाहीत.

राहिले 3 टक्के, आणि मला काळजी त्यांचीच आहे. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये व्यापारी झाडावरच बाग विकत घेतात तो जो भाग आहे ना, तिथे आठ ओळी सलग एकाच पेपरमधून आल्यात. शेवटी लेखकाचं नाव आणि वर्ष दिलंयस, पण अवतरणचिन्हं नाहीत, म्हणजे वाचणाऱ्याला वाटतं विचार त्यांचा, वाक्यं तुझी. मूळ पेपर शेजारी ठेवून बघितला तर 'ग्रोअर्स'चं 'फार्मर्स' केलंय, 'लार्जली'चं 'मोस्टली', बाकी वाक्याची बांधणी तशीच. म्हणून तर ओळीत मधेमधे एकेक शब्दच बिनरंगाचा दिसतोय, ही खूण परीक्षकही ओळखतात.

वरचं सगळं वगळलं की तू 10 च्या खाली येशील, गाईड सही पण करतील, पण त्या आठ ओळी तशाच राहतील. आणखी शब्द बदलून रंग घालवू नकोस, रंग जाईल, उचललेलं उचललेलंच राहील. पेपर बंद कर, त्यात काय सापडलं ते दोन-तीन वाक्यांत आठवून लिही, मग काटोलच्या बागायतदारांनी तुला ॲडव्हान्सबद्दल जे सांगितलं ते त्याच्याशी जुळतं का ते लिही, मग पेपर उघडून तपास. एखादं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल तर अवतरणात, पान नंबरसकट.

आणि हो, पुन्हा चेकिंगला देताना ड्राफ्ट डेटाबेसमध्ये सेव्ह करू नका असं आधीच सांग, नाहीतर फायनलच्या वेळी हाच 9 टक्क्यांचा घोळ परत होईल.