घटस्फोट नको, पण एकत्रही राहायचं नाही

प्रश्न: नवऱ्याजवळ राहणं आता शक्य नाही, पण घटस्फोटही नकोय. वकील ज्युडिशियल सेपरेशन घ्या म्हणतात. फरक काय आणि लोक हे का घेतात?

ताई, मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली आहे असं धरून सांगते.

यात लग्न तुटत नाही, एकत्र राहण्याचं बंधन तेवढं सुटतं. तुम्ही पत्नीच राहता. दुसरं लग्न दोघांनाही करता येत नाही. पोटगी दोन्हीकडे मागता येते. मोठा फरक वारसाहक्काचा: नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर मुलं आणि सासूबाईंसोबत त्याच्या मिळकतीत तुमचाही वाटा असतो. घटस्फोटानंतर तो राहत नाही.

माझ्याकडे आलेल्या पन्नाशीच्या एका बाईंनी त्यासाठीच हा मार्ग धरला. राहतं घर नवऱ्याच्या नावावर, आणि तो दारू पिऊन मारायचा. त्या एक वही घेऊन आल्या होत्या. कुठल्या तारखेला मारलं, कुठल्या दवाखान्यात टाके पडले, सगळं लिहिलेलं. ती वही आणि दवाखान्याचे कागद यांच्या जोरावर क्रूरता सिद्ध झाली. हे मुद्दाम सांगते, कारण ज्युडिशियल सेपरेशन सहज मिळतं असा समज आहे. १९७६ च्या दुरुस्तीपासून त्याला घटस्फोटाचीच कारणं लागतात आणि पुरावाही तसाच लागतो.

आता ज्याची मला तुमच्यासाठी काळजी वाटते ते. हुकूमनामा झाल्यावर वर्षभर तुम्ही पुन्हा एकत्र नांदला नाहीत, तर त्याच हुकूमनाम्यावर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतं. म्हणजे अर्ज तुमचा, आणि वर्षानंतर फायदा घ्यायला नवरा उभा. घटस्फोट झाला तर पत्नीपण गेलं, वारसाहक्कही गेला.

त्याला अडवता येतं, पण दरवेळी नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका नवऱ्याला घटस्फोट नाकारला. हुकूमनाम्यासोबत ठरलेली पोटगी त्याने दिली नव्हती आणि दुसऱ्या बाईशी संबंधही चालू ठेवले होते. स्वतःच्या चुकीचा फायदा घेता येत नाही, हे कलम २३ चं तत्त्व तिथे लागू झालं. नुसतं वेगळं राहणं मात्र अशी चूक धरली जात नाही. पोटगी नियमित देणाऱ्या नवऱ्याला अडवणं अवघड जातं.

म्हणून पोटगीचा आदेश हुकूमनाम्यासोबतच मागा. पैसे रोख घेऊ नका, बँकेत जमा करायला लावा. कुठल्या महिन्यात आले, कुठल्या महिन्यात नाही, हे पासबुकातच दिसेल. पुढे त्याने घटस्फोटाचा अर्ज केला, तर पहिल्या तारखेला वकिलाच्या हातात तेच पासबुक द्या.